सिटी ४३, बरोबरी २४, लेस्टर ३३

६ फेब्रुवारी २०१६, शनिवार. मँचेस्टर सिटीच्या एतिहाद मैदानावर इंग्लिश प्रीमियर लीगच्या गुणतक्त्यातले पहिले दोन संघ समोरासमोर आले होते. सिटी ४७ गुणांवर दुसरा होता. पहिल्या क्रमांकावर ५० गुणांसह बसलेला संघ होता लेस्टर सिटी. हा संघ विजेता ठरेल यावर हंगामाच्या सुरुवातीला इंग्लंडमधले सट्टेवाले एकाला पाच हजार असा भाव देत होते. तिसऱ्याच मिनिटाला लेस्टरच्या रॉबर्ट हूटने गोल केला. मध्यंतरानंतर लगेच रियाद महरेझने दुसरा केला आणि साठाव्या मिनिटाला कॉर्नरवरून हूटनेच डोक्याने तिसरा मारला. शेवटी ८७व्या मिनिटाला सर्जियो अग्वेरोने एक गोल फेडला. सिटी १, लेस्टर ३.

निकाल लागल्यावर त्याला ‘चमत्कार’ म्हणणं सोपं असतं. पण तो किती मोठा चमत्कार होता, हे आकड्यात सांगता येतं का? येतं, आणि त्याला लागणारं गणित शाळेतल्या गुणाकार-भागाकाराच्या फारसं पुढे जात नाही. दोन्ही संघांचं आक्रमण आणि बचाव यांची ताकद आकड्यात मांडायची, त्यावरून प्रत्येक संघाचे अपेक्षित गोल काढायचे आणि त्यांतून विजय, बरोबरी व पराभव यांच्या शक्यता मिळवायच्या. फुटबॉलचे संख्याशास्त्रज्ञ निदान चाळीस वर्षं ज्या पद्धतीवर काम करत आहेत तिचा हा सांगाडा. याच सामन्यावर ती चालवून पाहू.

सुरुवात संपूर्ण लीगच्या सरासरीपासून करायची. प्रीमियर लीगमध्ये २० संघ असतात आणि प्रत्येक जण प्रत्येकाशी एकदा आपल्या मैदानावर, एकदा दुसऱ्याच्या मैदानावर खेळतो, म्हणजे हंगामात ३८० सामने. आपला सामना बाजूला ठेवला की उरले ३७९. त्या हंगामात यजमान संघाने सामन्याला सरासरी १.४९ गोल केले आणि पाहुण्या संघाने १.२०. हे दोन आकडे वेगळे ठेवणं फार गरजेचं आहे, कारण घरच्या मैदानाचा फायदा त्यांच्यातल्या फरकातच दडलेला आहे.

आता सिटी. या सामन्याव्यतिरिक्त सिटीने घरच्या मैदानावर १८ सामन्यांत ४६ गोल केले, म्हणजे सामन्याला २.५६. सामान्य यजमान १.४९ करतो, तर सिटीने त्याच्या १.७१ पट केले. ही सिटीची आक्रमणाची ताकद. लेस्टरने दुसऱ्यांच्या मैदानांवर १८ सामन्यांत फक्त १७ गोल खाल्ले, म्हणजे सामन्याला ०.९४. सामान्य पाहुणा संघ १.४९ गोल खातो (यजमानांनी केलेले गोल म्हणजेच पाहुण्यांनी खाल्लेले), तेव्हा लेस्टरचा आकडा आला ०.६३. बचावाच्या बाबतीत हा आकडा जितका लहान तितका बचाव भक्कम, एवढं लक्षात ठेवायचं. या सामन्यात सिटीचे अपेक्षित गोल किती, तर सरासरी गुणिले सिटीचं आक्रमण गुणिले लेस्टरचा बचाव: १.४९ × १.७१ × ०.६३. मधले आकडे पूर्ण दशांशांत ठेवून हा गुणाकार १.६२ येतो.

लेस्टरच्या बाजूनेही हेच करायचं. बाहेरच्या १८ सामन्यांत ३० गोल, म्हणजे सामन्याला १.६७, सामान्य पाहुण्याच्या १.३९ पट. सिटीने घरी १८ सामन्यांत १८ गोल खाल्ले, सामन्याला बरोबर एक, म्हणजे सरासरीच्या ०.८३ पट. गुणाकार केला की लेस्टरचे अपेक्षित गोल १.३९.

तर सिटी १.६२, लेस्टर १.३९. अर्थात मैदानावर कोणी १.६२ गोल करत नाही. गोल शून्य होतात, एक होतो, दोन होतात. सरासरीकडून या पूर्ण आकड्यांच्या शक्यतांकडे जाण्यासाठी एक सूत्र लागतं, आणि ते फ्रेंच गणितज्ञ सिमेऑन देनी प्वासाँ याच्या १८३७ सालच्या ग्रंथात आलेलं आहे.

प्वासाँचं सूत्र का लागू पडावं, हे समजून घेण्यासाठी सामना मिनिटामिनिटाने पाहा. सिटीचे १.६२ गोल ९० मिनिटांत वाटले तर एका मिनिटात गोल होण्याची शक्यता ०.०१८ पडते, शंभरात दोनही नाही. मिनिट सुनं जाण्याची शक्यता ०.९८२. सगळीच्या सगळी ९० मिनिटं सुनी जाण्यासाठी ०.९८२ ला स्वतःशीच नव्वद वेळा घ्यायचं. उत्तर येतं सुमारे ०.१९५. आता मिनिटाऐवजी सेकंद घ्या, मग सेकंदाचाही तुकडा. उत्तर हळूहळू ०.१९८ वर जाऊन स्थिरावतं, आणि प्वासाँचं सूत्र नेमकं तेच उत्तर एका झटक्यात देतं. संधी पुष्कळ, प्रत्येक संधी फळाला येण्याची शक्यता अगदी थोडी, आणि एक संधी फळली म्हणून दुसरीची शक्यता बदलत नाही. अशा ठिकाणी मोजणीचा हाच नमुना दिसतो. रशियन-पोलिश अर्थशास्त्रज्ञ लादिस्लाउस बोर्टकिएविच याने १८९८ मध्ये प्रशियाच्या घोडदळात घोड्याच्या लाथेने मेलेल्या सैनिकांची मोजदाद याच सूत्राशी ताडून पाहिली होती. दहा तुकड्यांच्या वीस वर्षांच्या नोंदींत, म्हणजे २०० नोंदींत, १०९ वेळा एकही मृत्यू नव्हता. सूत्राचं उत्तर १०८.७ होतं.

हे सूत्र हाताने सोडवायची गरज नाही. संगणकावरच्या कोणत्याही हिशेबपत्रकात ते तयार असतं. सिटीने बरोबर दोन गोल करण्याची शक्यता हवी असेल तर एका चौकटीत एवढंच लिहायचं:

```
=POISSON.DIST(2, 1.62, FALSE)
```

उत्तर ०.२६०, म्हणजे २६ टक्के. पहिल्या जागी ०, १, २, ३ असे आकडे बदलत गेलं की सिटीच्या शक्यता येतात: शून्य गोल २० टक्के, एक ३२, दोन २६, तीन १४, चार ६ आणि पुढे झपाट्याने नगण्य. १.६२ च्या जागी १.३९ घातलं की लेस्टरच्या मिळतात: शून्य २५, एक ३५, दोन २४, तीन ११, चार ४.

आता एक तक्ता आखायचा. आडव्या ओळींत सिटीचे गोल, उभ्या रकान्यांत लेस्टरचे. प्रत्येक चौकटीत दोन शक्यतांचा गुणाकार. १-१ च्या चौकटीत ०.३२१ × ०.३४६, म्हणजे ११.१ टक्के, हाच सगळ्यांत संभाव्य निकाल. ०-० ला ४.९ टक्के. तक्त्याच्या कर्णावरच्या सगळ्या चौकटी, ०-०, १-१, २-२ वगैरे, मिळवल्या की बरोबरीची शक्यता येते: २४.१ टक्के. कर्णाच्या एका बाजूच्या चौकटी सिटीच्या विजयाच्या, त्यांची बेरीज ४३.० टक्के. दुसऱ्या बाजूच्या लेस्टरच्या, ३२.९ टक्के.

आणि खरा निकाल, १-३? त्या चौकटीत ३.६ टक्के आहेत.

इथे पुष्कळ जण चूक वाचतात. साडेतीन टक्क्यांची गोष्ट घडली म्हणजे गणित फसलं, असं त्यांना वाटतं. पण या तक्त्यात सर्वांत जड चौकटच मुळी अकरा टक्क्यांची आहे. कोणताही निकाल लागला तरी त्याची शक्यता कमीच दिसणार. ‘१-१ होईल’ असं ठामपणे सांगणारा माणूस, त्याच्यापाशी सर्वोत्तम गणित असलं तरी, नऊपैकी आठ वेळा तोंडघशी पडेल. म्हणून या पद्धतीला निकालाचा अंदाज विचारू नये. तिला तीन आकडे विचारावेत. लेस्टर जिंकण्याची शक्यता एक तृतीयांश होती आणि लेस्टर जिंकला. यात चमत्कार काहीच नाही. चमत्कार झालाच असेल तर तो फेब्रुवारीच्या आधी, लेस्टरचे आकडे इथवर पोचले तेव्हा झाला.

आता मला जी गोष्ट या विषयात सगळ्यांत महत्त्वाची वाटते तिच्याकडे येतो. मी हा एक सामना सुरुवातीलाच बाजूला काढला होता. तो का, हे आकड्यांतच पाहा. तो न काढता संपूर्ण हंगामाचे आकडे घेतले, तर सिटीचे घरचे गोल १९ सामन्यांत ४७ होतात आणि खाल्लेले २१. लेस्टरचे बाहेरचे ३३ आणि खाल्लेले १८. हाच गुणाकार पुन्हा केला की सिटीचे अपेक्षित गोल १.५७ आणि लेस्टरचे १.५९. तीन शक्यता बदलून जातात: सिटी ३७.८, बरोबरी २३.६, लेस्टर ३८.६. एकाच सामन्याने पारडं फिरलं आणि पाहुणा लेस्टर वरचढ ठरला! कारण उघड आहे. ज्या निकालाचं भाकीत करायचं तोच निकाल आपण आधी हिशेबात मिसळला. जुन्या सामन्यांवर आपली पद्धत किती छान चालते हे दाखवणाऱ्यांकडून ही गफलत वारंवार होते, आणि मग नव्या हंगामात तीच पद्धत का चालत नाही याचं कोडं पडतं. खरं म्हणजे माझा हिशेबही पूर्ण स्वच्छ नाही. त्यात ६ फेब्रुवारीनंतर झालेले सामनेही आहेत. सामन्याच्या आदल्या रात्री भाकीत करणाऱ्याला ते मिळाले नसते. त्याने फक्त तोवरचे सामने घ्यावेत, आणि हंगाम नवा असेल तर मागच्या हंगामाचेही.

एका सामन्याने पारडं इतकं हलावं याचा अर्थ आक्रमण आणि बचावाचे आकडे मुळातच डळमळीत आहेत. ते किती डळमळीत, हेही प्वासाँच सांगतो. या नमुन्यात मोजलेल्या संख्येतली सहज होणारी हालचाल तिच्या वर्गमुळाएवढी असते. लेस्टरचे बाहेरचे ३० गोल घ्या. ३० चं वर्गमूळ साडेपाच. म्हणजे तोच संघ, तितकाच चांगला खेळून, केवळ नशिबाच्या हेलकाव्याने २५ किंवा ३५ गोलांवरही दिसला असता. सामन्याला १.६७ म्हटलेला आकडा १.४ ते २.० मध्ये कुठेही असू शकतो. आणि आपण असे चार आकडे घेऊन त्यांचे गुणाकार करतो आहोत. म्हणून कोणी ‘सिटी ४३.० टक्के’ असं दशांशासकट सांगितलं, तर तो दशांश हिशेबाचा आहे, ज्ञानाचा नाही, हे ओळखावं. मी स्वतः ‘चाळीस ते पंचेचाळीसच्या आसपास’ एवढंच म्हणेन.

हे डळमळणं कमी करण्याचे मार्ग आहेत. सोपा मार्ग म्हणजे जास्त सामने घेणं. पण दोन वर्षांपूर्वीचा लेस्टर आणि आजचा लेस्टर एक नाहीत, तेव्हा जुन्या सामन्यांना कमी वजन द्यावं लागतं. दुसरा मार्ग सगळ्या संघांचे आकडे एकदम काढण्याचा. आपण सिटीचे गोल नुसते मोजले, ते कोणाविरुद्ध केले ते पाहिलं नाही. हंगाम पूर्ण झाला की सगळे सगळ्यांशी खेळलेले असतात, म्हणून हे फारसं बाधत नाही. पण दहाव्या आठवड्यात एखाद्या संघाने तळाच्या पाच संघांना झोडपलं असेल, तर त्याचं आक्रमण आहे त्याहून भारी दिसतं. एम. जे. माहर यांनी १९८२ मध्ये प्रत्येक संघाला आक्रमणाचा आणि बचावाचा आकडा देऊन ते सगळे एकत्र बसवण्याची रीत मांडली: प्रत्यक्ष लागलेले सगळे निकाल ज्या आकड्यांमुळे सर्वाधिक संभाव्य ठरतात ते आकडे खरे मानायचे. आजही या विषयात पहिलं पाऊल तेच असतं.

माहर यांनाच दिसलं होतं की दोन संघांचे गोल पूर्णपणे सुटे नसतात. आपण तक्ता भरताना दोन शक्यतांचा थेट गुणाकार केला तेव्हा गृहीत धरलं की लेस्टरने किती गोल केले याचा सिटीच्या गोलांशी काही संबंध नाही. सामने पाहणाऱ्या कोणालाही हे खटकेल. शेवटच्या दहा मिनिटांत १-१ असताना दोन्ही संघ गुण राखायला बघतात. १-० ने मागे असलेला संघ मात्र सगळे पुढे काढतो. लँकेस्टर विद्यापीठातल्या मार्क डिक्सन आणि स्टुअर्ट कोल्स यांनी १९९७ मध्ये इंग्लिश सामन्यांवर काम करून यावर नेमकी दुरुस्ती सुचवली. तक्त्यातल्या फक्त चार चौकटी हलवायच्या: ०-० आणि १-१ थोड्या जड करायच्या, १-० आणि ०-१ तेवढ्याच हलक्या. बाकी तक्त्याला हात लावायचा नाही. जुन्या सामन्यांचं वजन काळानुसार घटवण्याची कल्पनाही त्यांच्या त्याच लेखात आहे.

ही दुरुस्ती किती लावायची ते निकालांवरूनच ठरवावं लागतं. उदाहरणापुरता त्यांच्या सूत्रातला आकडा उणे ०.१ धरला, तर आपल्या सामन्यात ०-० ची शक्यता ४.९ वरून ६.० होते आणि १-१ ची ११.१ वरून १२.२. बरोबरीची एकूण शक्यता २४.१ वरून २६.३ वर जाते, सिटी ४१.९ वर आणि लेस्टर ३१.८ वर येतो. त्या हंगामात ३८० पैकी १०७ सामने बरोबरीत सुटले होते, म्हणजे २८ टक्के. साधा प्वासाँ बरोबरीला जरा कमी लेखतो अशी तक्रार आहे, आणि दुरुस्तीची दिशा तीच आहे.

घरच्या मैदानाचा आकडा मात्र मला सर्वांत फसवा वाटतो, कारण तो वर्षानुवर्षं शहाण्यासारखा वागतो आणि एखाद्या वर्षी अचानक दगा देतो. २०२०-२१ च्या प्रीमियर लीगमध्ये साथीमुळे बहुतेक सामने रिकाम्या मैदानांवर झाले. यजमानांनी १४४ सामने जिंकले आणि पाहुण्यांनी १५३. मागच्या हंगामांवरून यजमानांना वाढीव गोल बहाल करणारी प्रत्येक पद्धत त्या वर्षी चुकली. आपल्याकडे तर गोष्ट आणखी पुढे गेली. इंडियन सुपर लीगचा २०२०-२१ चा संपूर्ण हंगाम गोव्यात खेळला गेला: फातोर्डा, वास्कोचं टिळक मैदान आणि बांबोळी. कार्यक्रमपत्रिकेत एक संघ यजमान आणि दुसरा पाहुणा असं छापलं जात होतं, पण मुंबई सिटी असो की केरळ ब्लास्टर्स, सगळेच गोव्यातल्या हॉटेलांतून मैदानावर येत होते. ज्याने आंधळेपणाने जुना आकडा वापरला त्याने फक्त कागदावर यजमान असलेल्या संघाला फुकटचा फायदा दिला. एफसी गोवा तेवढा खरोखर आपल्या गावात होता, पण गॅलरीत त्याचेही प्रेक्षक नव्हते. शिवाय आपल्या लीगमध्ये संघ आणि सामने दोन्ही कमी, त्यामुळे वर्गमुळाचा तो हेलकावा इथे आणखी मोठा असतो. इंग्लंडच्या लीगवर बेतलेला विश्वास तसाच्या तसा इथे आणू नये.

या तक्त्याला जे दिसतच नाही तेही पुष्कळ आहे. विसाव्या मिनिटाला लाल कार्ड, मुख्य बचावपटूची दुखापत, तीन दिवसांनी असलेल्या दुसऱ्या स्पर्धेसाठी राखून ठेवलेले खेळाडू. अलीकडे गोलांऐवजी प्रत्येक फटक्याच्या जागेवरून आणि कोनावरून त्याचं मोल ठरवतात आणि त्या मोलांच्या बेरजेवरून आक्रमण-बचावाचे आकडे काढतात. गोल थोडे, फटके पुष्कळ, म्हणून हेलकावा कमी होतो. तक्ता भरण्याची पुढची रीत मात्र तशीच ठेवता येते.

मग आपली पद्धत बरी आहे की नाही हे कळायचं कसं? एका सामन्यावरून कधीच कळत नाही. तिने ज्या ज्या सामन्यांत एखाद्या संघाला चाळीस टक्क्यांच्या आसपास शक्यता दिली ते सगळे एका ढिगात टाकायचे आणि त्यातले किती सामने तो संघ खरोखर जिंकला ते मोजायचं. शंभरात चाळीसच्या आगेमागे निघाले तर आकडे प्रामाणिक आहेत. सत्तर टक्के म्हटलेल्या ढिगात पंचावन्नच जिंकले असतील, तर पद्धत बलवानांवर भाळते आहे, तिचे आकडे सरासरीकडे ओढून घ्यायला हवेत. त्यासाठी दोन-तीनशे सामन्यांची नोंद लागते आणि ती नोंद सामन्याआधीची लागते.

एखाद्या लीगचा हंगाम तुम्ही मन लावून पाहणार असाल, तर एक हिशेबपत्रक उघडा, गुणतक्त्यातले घरचे आणि बाहेरचे गोल त्यात भरा आणि प्रत्येक सामन्याचे तीन आकडे शिट्टी वाजण्याआधी लिहून ठेवा. पैसे मात्र लावू नका. सट्टेवाल्यांकडे हा तक्ता केव्हाचाच आहे.